एरसमा, 29 ऑक्टोबर 1999: वाऱ्याच्या तयारीत असलेल्या गावांत पाणी कसे शिरले

ओडिशाच्या 1999 च्या महाचक्रीवादळात सरकारी आकड्यांनुसार 9,800 हून अधिक माणसे गेली. त्यांपैकी आठ हजारांहून अधिक एकट्या जगतसिंहपूर जिल्ह्यातली होती, आणि त्या जिल्ह्यातही सर्वांत मोठा घाव एरसमा तालुक्यावर पडला. वादळ मात्र काही शंभर किलोमीटर रुंदीचे होते. भुवनेश्वर आणि कटकमध्येही झाडे उन्मळली, छपरे उडाली, कित्येक दिवस वीज नव्हती. मग मृत्यू एवढ्या लहानशा पट्ट्यात का एकवटले? या प्रश्नाचे उत्तर शोधायला लागलो की वादळ समुद्रावर जन्मते कसे, इथपासून ते समुद्र जमिनीवर चढतो कसा, इथपर्यंतची सगळी साखळी उलगडावी लागते. म्हणून हेच एक प्रकरण इथे सविस्तर मांडतो आहे.

समुद्रावरचे चार दिवस

ऑक्टोबरच्या उत्तरार्धात थायलंडच्या आखाताकडून ढगांचा एक विस्कळीत पुंजका पश्चिमेला सरकत अंदमानच्या समुद्रात आला. असे पुंजके तिथे नेहमीच येतात आणि बहुतेक विरून जातात. चक्रीवादळ शून्यातून उभे राहत नाही. त्याला असा आधीच तयार असलेला, थोडा कमी दाबाचा, गडगडाटी ढगांचा प्रदेश लागतो. 25 ऑक्टोबरला त्याचे कमी दाबाच्या अधिक तीव्र क्षेत्रात, म्हणजे हवामान खात्याच्या भाषेत अवदाबात रूपांतर झाले. 26 ला चक्रीवादळ, 27 ला तीव्र चक्रीवादळ आणि 28 ला महाचक्रीवादळ. तीन-चार दिवसांत सगळ्या पायऱ्या चढून झाल्या.

एवढी ताकद आली ती पाण्यातून. मोसमी पाऊस ओसरल्यावर बंगालच्या उपसागराचा पृष्ठभाग 28 ते 30 अंश सेल्सिअस असतो. चक्रीवादळाला साधारण साडेसव्वीस अंश लागतात, आणि तेही केवळ वरच्या पापुद्र्यात असून भागत नाही, निदान पन्नास मीटर खोलीपर्यंत पाणी उबदार असावे लागते. कारण वादळ स्वतःच समुद्र घुसळते. खालचे थंड पाणी वर आले की त्याचा स्वतःचाच इंधनपुरवठा तुटतो. बंगालच्या उपसागरात इथे एक वेगळी गोष्ट घडते, जिचा उल्लेख फार कमी ठिकाणी होतो. पावसाळाभर गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, इरावती या नद्यांचे गोडे पाणी समुद्रात येत राहते. गोडे पाणी हलके, त्यामुळे ते खाऱ्या पाण्यावर थर करून राहते आणि वरचे-खालचे पाणी सहजी मिसळू देत नाही. वादळाने कितीही घुसळले तरी थंड पाणी वर यायला उशीर लागतो. पावसाळ्यानंतर या समुद्रात वादळे बळ धरतात, त्यामागे या थराचाही हात असतो.

उबदार पाण्याची वाफ होते, वाफ हवेबरोबर वर चढते, वर थंडाव्यात तिचे पुन्हा पाणी होते आणि बाष्पीभवनात शोषलेली उष्णता तिथे मोकळी होते. एक किलो वाफेचे पाणी होताना सुमारे 25 लाख जूल उष्णता सुटते. सहा लिटर बर्फगार पाण्याला उकळी आणायला एवढी पुरते. वादळात दर सेकंदाला अशा किती वाफेचे पाणी होत असेल याचा विचार केला की आकडा डोक्यात मावत नाही. त्या उष्णतेने ढगांच्या गाभ्यातली हवा तापते, हलकी होते, तिथला पृष्ठभागावरचा दाब उतरतो, आजूबाजूची हवा अधिक जोराने आत धावते, तिच्यामुळे समुद्रावरून आणखी वाफ उचलली जाते. फेरा सुरू झाला की स्वतःला वाढवत जातो.

आत धावणारी हवा सरळ मध्यावर का पोचत नाही? पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती उत्तर गोलार्धात उजवीकडे वळते, आणि केंद्राभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फिरू लागते. जसजशी ती केंद्राजवळ येते तसतसा तिचा फिरण्याचा वेग वाढतो. ही वळवणारी शक्ती विषुववृत्तावर शून्य असते, म्हणून त्याच्या दोन्हीकडच्या पाचेक अंशांच्या पट्ट्यात पाणी कितीही तापले तरी वादळे जवळजवळ होतच नाहीत.

आणखी एक अट राहते. खालचा वारा आणि दहा-बारा किलोमीटर उंचीवरचा वारा यांच्या वेगात व दिशेत फार फरक असेल, तर तापलेला गाभा एका बाजूला कलंडतो आणि फेरा मोडतो. जुलै-ऑगस्टमध्ये समुद्र तापलेला असूनही आपल्याकडे मोठी चक्रीवादळे उठत नाहीत, ती याच कारणाने: मोसमी वारे खाली नैर्ऋत्येकडून आणि वर पूर्वेकडून जोरात वाहत असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हा फरक कमी होतो आणि दार उघडते. 1999 मध्ये ते सताड उघडे होते.

28 च्या रात्री केंद्रातला दाब 912 हेक्टोपास्कलपर्यंत उतरल्याचा अंदाज आहे. नेहमीचा दाब 1010 च्या आसपास असतो. वारे ताशी 260 किलोमीटरपर्यंत. वादळ वायव्येला, ओडिशाच्या किनाऱ्याकडे येत होते.

पाणी किती चढले, आणि कशाने

किनाऱ्यावर समुद्राची पातळी 5 ते 6 मीटर उंचावली. हे वादळी उधाण. ते लाटांचे नाव नव्हे. लाट येते आणि जाते. इथे समुद्राची अख्खी पातळीच काही तासांसाठी वर चढते, आणि लाटा त्या चढलेल्या पातळीवर स्वार होऊन येतात. ज्या माणसाने आयुष्यभर दारातून समुद्र पाहिला आहे, त्यालाही हा फरक अनुभवातून कळत नाही, कारण असे पाणी त्याच्या हयातीत कदाचित एकदाच येते.

अनेकांचा असा समज असतो की वादळाच्या पोटातला कमी दाब समुद्राला वर ओढतो आणि त्यामुळे पाणी चढते. हे खरे आहे, पण किती प्रमाणात, ते मोजून पाहावे. दाब एक हेक्टोपास्कलने उतरला तर समुद्र जवळपास एक सेंटिमीटर वर येतो. 1010 मधून 912 वजा केले की 98 उरतात, म्हणजे सुमारे एक मीटर. पाच-सहा मीटरांतला फक्त एक मीटर. बाकीचे चार-पाच मीटर वाऱ्याने आणले.

वारा पाण्याला घासून पुढे ढकलतो. खोल समुद्रात ढकललेले पाणी खालून परत मागे वाहून जाते, त्यामुळे पातळी फारशी वाढत नाही. उथळ पाण्यात परतायला खाली जागाच नसते. पाणी साचते, आणि समुद्राचा पृष्ठभाग किनाऱ्याकडे चढत जाणारा उतार होतो. ढोबळ हिशेब मांडून पाहू. ताशी 180 किलोमीटरचा वारा 100 मीटर खोल समुद्रावरून किनाऱ्याकडे वाहत असेल, तर दर किलोमीटरला पाणी एक सेंटिमीटरही चढत नाही. तोच वारा 10 मीटर खोलीवर असेल, तर दर किलोमीटरला सुमारे सात सेंटिमीटर. अशा उथळ पट्ट्याची रुंदी तीस किलोमीटर धरली, तर एवढ्यानेच दोन मीटर झाले. शिवाय वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: वेग दुप्पट तर ढकल साधारण चौपट. तेव्हा ताशी 260 च्या वाऱ्याखाली चार-पाच मीटर पाणी चढणे हा काही चमत्कार नव्हता. महानदीने हजारो वर्षे गाळ आणून त्या किनाऱ्यासमोर उथळ तळ बांधून ठेवला होता, आणि वादळ नेमके त्यावर आले.

म्हणून वादळाचा वर्ग ऐकून त्यावरून पाण्याचा अंदाज बांधू नये, असे मला फार कळकळीने वाटते. वर्ग वाऱ्यावरून ठरतो. पाणी ठरते ते वाऱ्याबरोबरच तळाच्या उताराने, किनाऱ्याच्या आकाराने, वादळाच्या रुंदीने, ते किनाऱ्याला कोणत्या कोनात भिडते त्याने. मध्यम ताकदीचे पण रुंद वादळ उथळ, नरसाळ्यासारख्या आखातात शिरले, तर ते खोल किनाऱ्यावर आदळलेल्या अतितीव्र वादळापेक्षा जास्त पाणी चढवू शकते.

एरसमाच का, पुरी का नाही

29 ऑक्टोबरच्या सकाळी वादळाचे केंद्र पारादीपजवळ किनाऱ्यावर चढले. पुरी तिथून नैर्ऋत्येला, किनाऱ्याकिनाऱ्याने गेलात तर सुमारे शंभर किलोमीटर. तिथेही वारा भयंकर होता, तरी समुद्र तसा चढला नाही.

वारे घड्याळाच्या उलट दिशेने फिरत होते आणि वादळ वायव्येला चालले होते. वादळाच्या पाठीशी उभे राहून त्याच्या चालीच्या दिशेने पाहिले, तर उजव्या हाताला वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो. त्यात वादळाच्या स्वतःच्या पुढे सरकण्याचा वेगही मिळतो. डाव्या हाताला वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो. पुरी डाव्या हाताला होते. एरसमाचा किनारा केंद्राच्या वाटेवर आणि तिच्या लगत होता. उत्तर गोलार्धात सर्वत्र हाच नियम, दक्षिण गोलार्धात तो उलटतो.

यातून एक अवघड गोष्ट निघते. केंद्र कुठे चढणार याचा अंदाज पन्नास किलोमीटरने हुकला, तर वाऱ्याच्या इशाऱ्यात फारसा फरक पडत नाही. पाण्याच्या इशाऱ्यात मात्र सगळेच बदलते, कोणते गाव बुडणार तेच बदलते. चोवीस तास आधीच्या अंदाजात आजही काही दहा किलोमीटरांची चूक राहते, 1999 मध्ये ती बरीच जास्त होती. म्हणूनच गावे रिकामी करताना अपेक्षित जागेच्या दोन्ही अंगांचा लांब पट्टा हलवावा लागतो, आणि त्यातल्या बऱ्याच गावांत शेवटी पाणी येतच नाही. त्या गावांतले लोक पुढच्या वेळी 'मागे काही झाले नव्हते' म्हणत घरी थांबतात. हा दोष लोकांचा नाही. त्यांना आधीच सांगायला हवे की तुमच्याकडे पाणी आले नाही, तर वादळ तुमच्या कोणत्या बाजूने गेले त्यामुळे आले नाही.

एरसमा, कुजंग, बालिकुदा हा सगळा त्रिभुज प्रदेश. जमीन सपाट, समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच, आणि खाड्या, नद्यांची मुखे, ओहोळ यांनी चिरलेली. पाणी किनाऱ्यावरून समोरून आले तसेच खाड्यांतून मागूनही आले. काही ठिकाणी ते 35 किलोमीटर आतपर्यंत पोचल्याच्या नोंदी आहेत. समुद्रापासून दूर आहोत म्हणून निर्धास्त असलेल्या गावांना ते असे अनपेक्षित दिशेने गाठते. किनाऱ्यापासूनचे अंतर पाहण्यापेक्षा जमिनीची उंची आणि जवळची खाडी पाहावी.

एक घन मीटर पाण्याचे वजन एक टन. गुडघ्यापर्यंतचे वाहते पाणी माणसाला पाडते, आणि कंबरेइतके पाणी मातीच्या भिंती काही मिनिटांत विरघळवते. एरसमात बहुतेक घरे मातीची आणि गवती छपरांची होती. वाऱ्यापासून वाचायला माणसे घरात दारे लावून बसली होती, आणि त्या वेळी ते योग्यच वाटत होते. वाऱ्यासाठी आत बसायचे असते, पाण्यासाठी वर जायचे असते. पहिल्या संकटाची तयारी दुसऱ्यात जीवघेणी ठरली, कारण सपाट प्रदेशात वर जायला जागाच नव्हती. पाणी चढू लागले तेव्हा वारा इतका होता की बाहेर पडून कुठे पोचणेही शक्य नव्हते.

पाणी ओसरतानाही माणसे गेली. वारा फिरला किंवा मंदावला की चढवून ठेवलेले पाणी उताराने परत समुद्राकडे धावते, आणि खाड्यांच्या तोंडाशी त्याचा वेग येतानाच्या वेगापेक्षाही जास्त असू शकतो. 1999 च्या वादळात तर किनारा ओलांडल्यावर केंद्र पुढे सरकायचे जवळजवळ थांबले आणि ओडिशावरच रेंगाळले. मुसळधार पाऊस पडत राहिला, नद्यांना पूर आले. समुद्राचे पाणी उतरत असताना नद्यांचे चढत होते. रस्ते, तारा, दूरध्वनी सगळे तुटलेले. मदत पोचायला दिवस लागले, आणि तोवर विहिरी, तळी खारट झालेली, मेलेली जनावरे पाण्यात.

एक बाब मात्र त्या दिवशी थोडी बरी होती. पौर्णिमा 24 ऑक्टोबरला होऊन गेली होती. 29 पर्यंत पौर्णिमेची उधाणाची भरती ओसरून समुद्र भांगाच्या, म्हणजे कमी चढणाऱ्या, भरतीकडे झुकला होता. वादळ पाच दिवस आधी, पौर्णिमेच्या भरतीवर आले असते, तर तेच पाणी आणखी सुमारे अर्धा मीटर वर उभे राहिले असते. सपाट जमिनीवर अर्धा मीटर म्हणजे आणखी कित्येक गावे.

कशाने वाचले, पुढे काय बदलले

त्या किनाऱ्यावर रेड क्रॉसने बांधलेली 23 निवारा केंद्रे होती. खांबांवर उचललेली पक्की इमारत, खालचा मजला मोकळा म्हणजे पाणी अडवले न जाता आरपार जावे, वर राहायची जागा आणि गच्ची. एवढ्या साध्या बांधणीने हजारो जीव राखले. बाकी किनाऱ्यावर शाळा, देवळे आणि थोडी पक्की घरे एवढाच आसरा होता.

शेजारच्या केंद्रपाडा जिल्ह्यातल्या खारफुटीचा नंतर गावनिहाय अभ्यास झाला. ज्या गावांच्या आणि समुद्राच्या मध्ये खारफुटीचा रुंद पट्टा शिल्लक होता, तिथे मृत्यू कमी आढळले. खारफुटी लाटांचा जोर मोडते, पाण्याचा वेग कमी करते, वाहत येणारे ओंडके-होड्या अडवते. पण सहा मीटर चढलेला समुद्र ती थोपवून धरू शकत नाही, आणि त्याच अभ्यासात वेळेवर मिळालेल्या इशाऱ्याने खारफुटीपेक्षा अधिक जीव वाचल्याचेही दिसले. झाडे लावली म्हणजे गाव हलवायला नको, असा अर्थ कोणी काढू नये.

त्याच वर्षी ओडिशाने आपत्ती व्यवस्थापनासाठी वेगळे राज्य प्राधिकरण उभे केले. आज किनाऱ्यावर आठशेहून अधिक निवारा केंद्रे आहेत. ऑक्टोबर 2013 मध्ये फायलिन हे अतितीव्र वादळ गोपाळपूरजवळ आले, तेव्हा सुमारे दहा लाख लोक आधीच हलवले गेले, आणि ओडिशातले मृत्यू पन्नासच्या आत राहिले. हे यश खरे आहे आणि ज्यांनी रात्रंदिवस खपून ते मिळवले, त्यांच्याबद्दल मनात आदर आहे. तरी 1999 शी थेट तुलना करताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. गोपाळपूरसमोर समुद्र लवकर खोल होतो, उथळ पट्टा अरुंद आहे, आणि फायलिनचे वादळी उधाण 1999 च्या मानाने बरेच कमी होते. एरसमाच्या तळावर तसेच वादळ पुन्हा आले, तर परीक्षा जास्त कठीण असेल.

पाण्याचा अंदाज आता हैदराबादची इन्कॉइस ही संस्था संगणकीय प्रारूपावर काढते आणि तो हवामान खात्याच्या वादळाच्या पत्रकात येतो. त्यातले वाक्य साधारण असे असते: खगोलीय भरतीच्या वर अमुक मीटर उंचीचे उधाण येऊन अमुक जिल्ह्यांचे सखल भाग बुडण्याची शक्यता. हा आकडा तुमच्या अंगणातल्या पाण्याची उंची नव्हे, तो त्या वेळच्या भरतीवर चढवायचा आहे. समजा पत्रकात 4 मीटर लिहिले आहे, आणि वादळ चढण्याच्या सुमारास भरती सरासरी समुद्रपातळीच्या 1 मीटर वर असणार आहे. बेरीज 5 मीटर. तुमच्या घराची जमीन सरासरी समुद्रपातळीपासून 3 मीटर उंच असेल, तर अंगणात 2 मीटर पाणी, म्हणजे उभ्या माणसाच्या डोक्यावरून, आणि त्यावर लाटा वेगळ्या. वादळ सहा तास उशिरा, ओहोटीला आले तर हाच आकडा छातीखाली येऊ शकतो, पण वादळाची वेळ इतकी अचूक कोणीच सांगू शकत नाही, म्हणून हिशेब भरतीचाच धरायचा. घराच्या जमिनीची उंची तलाठी कार्यालयात सहसा मिळत नाही, ती पाटबंधारे किंवा सर्वेक्षण विभागाच्या नकाशांत असते. गावाने ती एकदा काढून शाळेच्या भिंतीवर रंगवून ठेवली, तर पत्रक आल्यावर ही बेरीज करायला दोन मिनिटे लागतात.